बोलता बोलता थांबावं कुठे?



मागच्या महिन्यात आमच्याच मोहल्ल्यातल्या एक आपा मगरिबनंतर घरी आल्या. हातात वहीची फाडलेली तीन पानं होती. जमातीच्या वार्षिक सभेत त्यांना बोलायचं होतं. सदरसाहेबांनी चार मिनिटं दिली होती, आणि आमच्या जमातीच्या सभेत एखादी बाई माइकवर बोलणार, हे पहिल्यांदाच घडत होतं. विषय साधा होता. आपल्याकडच्या मुली दहावी होतात आणि घरी बसतात, कारण कॉलेज १४ किलोमीटरवर आहे आणि परतीच्या एसटीची वेळ जुळत नाही. मुलींसाठी एक गाडी लावायची, तिच्या भाड्यातला काही वाटा जमातीने उचलायचा, एवढीच त्यांची मागणी होती. स्वतःची मुलगी दहावीत होती, म्हणजे वर्षभरात हा प्रश्न त्यांच्याच उंबऱ्यावर येणार होता.

"सर, लिहिलं आहे सगळं. फक्त तुम्ही एकदा ऐका," आपा म्हणाल्या.

आम्ही घड्याळ समोर ठेवलं. पानं ४ मिनिटांची होती. त्या २ मिनिटं ४० सेकंदांत संपवून खाली बसल्या आणि पाण्याचा पेला उचलला. आम्ही विचारलं, "आपा, किती मुली दहावी झाल्या म्हणालात?" त्या म्हणाल्या, "अकरा. सांगितलं की मी." सांगितलं होतं खरं, पण समोर बसून, कान देऊन ऐकूनही आमच्या हाती तो आकडा लागला नव्हता. आतल्या दारात आमच्या सौभाग्यवती उभ्या होत्या, त्यांनाही नाही. मग शंभर माणसांच्या, पंख्यांच्या आणि पोरांच्या गडबडीच्या हॉलमध्ये तो कुणाच्या हाती लागणार?

लिहिलेल्यात काही खोट नव्हती. खोट होती ती एकच, की आपा कुठेच थांबत नव्हत्या.

शाळेत आम्ही तीसएक वर्षं मुलांकडून वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेतली. आवाज, हातवारे, पाठांतर हे सगळं मुलं शिकतात. थांबणं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याचं कारण घाबरणं हेच आहे. छातीत धडधडत असलं की बोलणाऱ्याचं आतलं घड्याळ पळतं. त्याला वाटतं, आपण किती वेळ गप्प उभे आहोत, लोक काय म्हणतील! प्रत्यक्षात जेमतेम एक सेकंद गेलेला असतो. ऐकणाऱ्याचं उलट असतं. वाचणारा माणूस एखादं वाक्य निसटलं तर मान वळवून पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. एक गोष्ट डोक्यात बसायच्या आत दुसरी आली, की तो पहिली सोडून देतो आणि दुसरीच्या मागे धावतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो धावायचंच सोडतो आणि सभागृहाचा पंखा बघत बसतो. बोलणारा गप्प राहतो त्या दोन-तीन सेकंदांत ऐकणारा मागचं वाक्य उचलून स्वतःच्या घरापर्यंत नेतो. 'अकरा मुली' म्हटल्यावर त्याला आपल्या शेजारची, आपल्या भावाची मुलगी आठवायला हवी. ती आठवायला वेळ लागतो, आणि तो वेळ बोलणाऱ्यानेच द्यायचा असतो.

आपांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग सावकाश बोलते." पुष्कळांची हीच समजूत असते. पण सावकाश बोलणं वेगळं आणि थांबणं वेगळं. एकेक शब्द ओढत, सगळं एकाच संथ चालीत बोललात तर झोप येते. आपल्या नेहमीच्या वेगाने बोलावं, आणि ठरलेल्या जागी पूर्ण थांबावं.

थांबण्याची जागा ठरलेली असते ही गोष्ट आपल्या घरांत तरी नवी वाटू नये. आपली मुलं मौलवीसाहेबांकडे कुरआनचा नाझरा शिकतात तेव्हा ओळीवरच्या बारीक खुणा त्यांना शिकवल्या जातात. 'मीम'ची खूण आली की थांबायलाच हवं, 'लाम-अलिफ'ची आली की थांबायचं नाही. याला वक्फ म्हणतात, आणि तिथे श्वास घेता येतो. त्याखेरीज सकता म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात आवाज क्षणभर तोडायचा, पण श्वास घ्यायचा नाही. आपल्याकडे चालणाऱ्या हफ्सच्या रिवायतीत असे चार सकते आहेत, त्यातला एक सूरह यासीनमध्ये आहे. कियामतच्या दिवशी उठवले गेलेले लोक विचारतात की आम्हाला झोपेच्या जागेवरून कोणी उठवलं, आणि त्याला लागूनच पुढचं बोलणं 'हे' या अर्थाच्या शब्दाने सुरू होतं. मध्ये आवाज तुटला नाही, तर ते 'हे' मागच्या 'झोपेच्या जागे'ला चिकटतं आणि अर्थ हलतो. म्हणून तिथे सकता. तिलावत ही तिलावत आहे, तिचे नियम भाषणाला लावायचे नाहीत, हे सांगायला नकोच. पण थांबणं अर्थासाठी असतं, दम लागला म्हणून नव्हे, हे आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही यावरूनच समजावत असू. 'रोको मत, जाने दो' आणि 'रोको, मत जाने दो' यांतला फरक तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आपांच्या पानाकडे येऊ. त्यांचं मधलं वाक्य असं होतं:

"आपल्या मोहल्ल्यातून गेल्या वर्षी अकरा मुली दहावी पास झाल्या पण त्यातल्या फक्त चार मुली अकरावीला गेल्या कारण कॉलेज चौदा किलोमीटरवर आहे आणि ते पाच वाजता सुटतं आणि शेवटची एसटी तर पावणेपाचलाच निघून जाते म्हणून बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलं नाही."

या वाक्यात थांबायला जागाच नाही. कुठेही थांबलात तरी 'पण', 'कारण', 'आणि', 'म्हणून' पुढे ओढतात. त्यामुळे आधी रेघा मारून उपयोग नसतो, आधी वाक्य मोडून घ्यावं लागतं.

मराठीची एक गंमत इथे कामाला येते. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'चार मुली अकरावीला गेल्या' असं म्हटलं की वाक्य 'गेल्या'वर संपतं. तुम्ही तिथे थांबलात, तर ऐकणाऱ्याच्या कानात घुमतं ते 'गेल्या'. आणि जो शब्द घुमायला हवा तो 'चार', तो वाक्याच्या डोक्याशीच येऊन गेलेला असतो. थांबण्याआधीचा शेवटचा शब्द कानात राहतो. म्हणून जो शब्द राहायला हवा त्याला शेवटी आणावं लागतं. सुदैवाने मराठीत शब्द मागेपुढे करायला मोकळीक आहे. बोलताना आपण ती एरवीही घेतोच. 'कोण आलं होतं?' 'आले होते मामू!' असं आपण म्हणतोच की.

तेव्हा आपांचं वाक्य आम्ही दोघांनी मिळून असं केलं. एक तिरपी रेघ म्हणजे नुसते ओठ मिटण्याइतकं थांबणं, दोन रेघा म्हणजे सेकंदभर, आणि तीन रेघा म्हणजे पुरते तीन सेकंद:

"गेल्या वर्षी आपल्या मोहल्ल्यातून दहावी पास झालेल्या मुली / अकरा. // त्यातल्या अकरावीला गेलेल्या / चार. /// कॉलेज चौदा किलोमीटरवर आहे. // ते सुटतं / पाच वाजता. // आणि शेवटची एसटी निघते / पावणेपाचला. ///"

'म्हणून बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलं नाही' हे आम्ही काढूनच टाकलं. आपा म्हणाल्या, "पण तेच तर सांगायचं आहे!" आम्ही म्हटलं, "पावणेपाचला म्हणून तुम्ही गप्प राहिलात की ते वाक्य लोक स्वतःच बोलतील, मनात." माणसाने स्वतः काढलेला निष्कर्ष त्याला जास्त पटतो, आणि शिवाय त्या वाक्यात घरच्यांवर जो दोष जात होता तोही गेला. सभेत त्या सात मुलींचे बापच समोर बसणार होते.

आकड्याच्या आधीची ती एक रेघ पाहा. ती लहान आहे, पण कामाची आहे. तिथे ऐकणारा क्षणभर 'किती?' असं विचारतो, आणि मग उत्तर येतं. ही आधीची रेघ मात्र लहानच हवी. आकड्याआधी कुणी तीन सेकंद थांबला, तर ते टीव्हीवरच्या बक्षिसाच्या कार्यक्रमासारखं होतं, आणि हॉलच्या मागच्या रांगेतली पोरं हसतात.

रेघ कुठे मारू नये हेही आपांना दाखवावं लागलं. आकडा आणि त्याचं माप तोडू नये. 'पाच / हजार' म्हटलं तर लोक आधी पाचच ऐकतात. आणि आपल्या भाषेतली सर्वांत मोठी फसगत 'नाही'ची. तेही शेवटी येतं. आपांच्या पहिल्याच परिच्छेदात 'कुणाला दोष देण्यासाठी मी उभी नाही' असं वाक्य होतं, आणि दम लागल्यामुळे त्या नेमक्या 'मी उभी' इथे थांबल्या. क्षणभर वाटलं, बाई भांडायलाच आल्या आहेत! क्रियापद आणि त्याचं 'नाही' एका श्वासात यायला हवं. लांब वाक्यात तेवढा श्वास पुरत नसेल, तर तो आधी, 'दोष देण्यासाठी'च्याही आधी घेऊन ठेवावा.

मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न. हातात घड्याळ धरून कुणी बोलत नाही. आम्ही आपांना सांगितलं, मनात सावकाश एकदा 'सुभानअल्लाह' म्हणा, साधारण एक सेकंद होतो. दोन रेघांना एकदा, तीन रेघांना तीनदा. याने आणखी एक फायदा होतो. मन रिकामं असलं की तोंडातून 'म्हणजे', 'तर', 'आं' असं काहीतरी निघतंच. मनाला मोजायचं काम दिलं की तोंड बंद राहतं. 'म्हणजे'ने भरलेलं थांबणं हे थांबणं नसतं; ऐकणारा त्या 'म्हणजे'मागे काय येतंय याची वाट पाहत राहतो आणि मागचं सोडून देतो.

दुसरी गोष्ट आवाजाच्या शेपटीची. वाक्य संपताना आवाज खाली यायला हवा. पुष्कळ मुलं पाठ केलेलं बोलताना प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलतात. मग ती थांबली तरी ऐकणाऱ्याला वाटतं की वाक्य अर्धं आहे, किंवा हा विसरला. 'पावणेपाचला' हा शब्द आपा आधी प्रश्नासारखा वर नेत होत्या. तो खाली टेकवायला त्यांना सात-आठ वेळा म्हणावा लागला.

आणि तिसरी, डोळ्यांची. हीच सर्वांत जास्त चुकते. घाबरलेला माणूस गप्प झाला की लगेच कागदात बघतो. त्या क्षणी सभेला कळतं की याला पुढचं आठवत नाही, आणि जे थांबणं वजनदार वाटायला हवं ते केविलवाणं दिसतं. आम्ही सांगितलेला क्रम असा: वाक्याचा शेवटचा शब्द माणसांकडे बघत बोलायचा. थांबलात की तसंच बघत राहायचं. मोजून झालं, श्वास घेतला, की मग खाली कागदाकडे नजर न्यायची, पुढचे चार-पाच शब्द उचलायचे आणि मान वर करून बोलायचं. म्हणजे कागद बघायलाही वेळ मिळतो, आणि कुणाला ते विसरणं वाटत नाही. बघायचं कुणाकडे, तर आपांनी विचारून ठेवलं होतं: मागच्या रांगेत डाव्या बाजूला त्यांच्या नणंदबाई बसणार, पुढे उजवीकडे शाळेचे हेडमास्तर. या दोन ओळखीच्या चेहऱ्यांवर पहिली दोन थांबणी टाकायची.

प्रश्न विचारून थांबायचं असेल तर मात्र जरा जपून. या बाबतीत प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या हज्जतुल विदाच्या खुतब्याचा प्रसंग आम्हाला नेहमी आठवतो. हिजरी सन १०, म्हणजे इसवी सन ६३२. जिलहिज्जची १० तारीख, जागा मिना. सहीह बुखारीत हजरत अबू बक्रा (रजि.) यांच्याकडून तो आला आहे. हे पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) नव्हेत; नावं जवळची असल्याने गल्लत होते. प्रेषितांनी लोकांना विचारलं की आज कोणता दिवस आहे. आता हजच्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाला तो दिवस माहीत नसेल का? पण सहाबांनी अदबीने, अल्लाह आणि त्याचे रसूलच अधिक जाणतात, असं उत्तर दिलं. त्यावर प्रेषित गप्प राहिले. निवेदन करणारे सांगतात, ते इतके गप्प राहिले की आम्हाला वाटलं, आता ते या दिवसाला दुसरंच नाव देतात की काय. मग त्यांनी विचारलं, हा कुर्बानीचा दिवस नाही का? लोक म्हणाले, आहे. तसंच महिन्याबद्दल, तसंच शहराबद्दल. प्रत्येक वेळी प्रश्न, गप्प राहणं, आणि मग नाव. आणि हे तीनदा झाल्यावर मुख्य गोष्ट आली: तुमचं रक्त, तुमची मालमत्ता, तुमची अब्रू एकमेकांसाठी तितकीच पवित्र आहे, जितका हा दिवस, हा महिना आणि हे शहर.

बोलणाऱ्याच्या नजरेने हा प्रसंग बघावा. दिवस, महिना, शहर पवित्र आहेत हे लोकांना माहीतच होतं. माहीत असलेली गोष्ट माणूस मनात घोळवत नाही, तशीच पुढे ढकलतो. त्या गप्प राहण्याने ती गोष्ट पुन्हा हातात घ्यायला लावली. तीन वेळा. आणि मग जे सांगायचं होतं ते तिच्याच शेजारी ठेवलं. निवेदकांना मुख्य गोष्टीबरोबर ते गप्प राहणंही लक्षात राहिलं आणि त्यांनी ते पुढे सांगितलं, हेही पाहण्यासारखं आहे. सभेत प्रश्न विचारून थांबायचं तर त्याची जात अशी हवी: उत्तर सगळ्यांना ठाऊक असलेलं, पण पुन्हा मनात आणावं असं. नाहीतर 'आपण कधी सुधारणार?' असा प्रश्न टाकून वक्ता गप्प उभा राहतो, आणि लोक एवढाच विचार करतात की हा कधी बसणार.

आपांना मोह आवरला नाही. 'चार' नंतर त्यांनी एक प्रश्न घातला: "मग बाकीच्या सात / कुठे आहेत? ///" आम्ही म्हटलं, चालेल, पण एक लक्षात ठेवा. आपल्या जमातीची सभा म्हणजे शाळेची स्पर्धा नव्हे. इथे तुम्ही प्रश्न विचारून थांबलात तर कुणीतरी चाचा उत्तर देणारच. तसं झालं तर गडबडू नका, त्याच्यावर बोलू नका, त्यांचं बोलणं पुरं होऊ द्या, मान हलवा आणि पुढचं वाक्य घ्या.

घरी चार दिवस तालीम झाली. रोज एकदा, मोबाइलवर आवाज भरून. आम्ही सांगितलं होतं की लगेच ऐकायचं नाही, स्वयंपाक उरकून तासाभराने ऐकायचं, आणि हातात कागद न घेता. कागद हातात असला की डोळे कानाला मदत करतात आणि चूक कळत नाही. कागद नसताना जिथे आपल्यालाच धावावं लागतं, तिथे रेघ कमी पडली आहे. दुसऱ्या दिवशी आपा म्हणाल्या, "सर, मी तर वाटलं होतं अर्धा मिनिट गप्प राहिले. मोबाइलमध्ये सव्वा सेकंद आहे!" ऐकून जवळपास प्रत्येकाला हाच धक्का बसतो. म्हणून आमचा अनुभव असा की घाबरट माणसाला तीनदा मोजायला सांगावं, तेव्हा तो दीड सेकंद थांबतो.

तिसऱ्या दिवशी उलटं झालं. थांबणं जमतंय म्हटल्यावर आपांनी पानभर तीन-तीन रेघा मारून आणल्या. मोजल्या तर ११! चार मिनिटांत ११ वेळा तीन सेकंद थांबलं तर प्रत्येक गोष्ट महत्त्वाची होते, म्हणजे कुठलीच होत नाही. आम्ही त्यांना तीन निवडायला लावल्या. बऱ्याच घासाघिशीनंतर उरल्या त्या अशा: 'सात कुठे आहेत' नंतर, 'पावणेपाचला' नंतर, आणि शेवटी मागणी सांगितल्यावर. 'चार' नंतर प्रश्न आल्यामुळे तिथे दोन रेघाच राहिल्या. बाकी सगळीकडे एक किंवा दोन. वेळ लावली तर ३ मिनिटं ५५ सेकंद, शब्द आधी होते जवळपास तितकेच.

हॉलबद्दल दोन शब्द. आमचा हॉल उंच छपराचा आणि रिकाम्या भिंतींचा आहे, आवाज फिरून परत येतो. अशा ठिकाणी आपला शेवटचा शब्द विरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पुढचा शब्द मागच्याच्या घुमण्यात बुडतो. घरी एक सेकंद पुरतो तिथे हॉलमध्ये दीड लागतो. गडबड असेल तर आणखी एक गोष्ट होते: तुम्ही गप्प झालात की पहिल्या सेकंदाला गडबड तशीच असते, दुसऱ्याला लोक 'काय झालं?' म्हणून वर बघतात, आणि तिसऱ्याला शांतता येते. जो पहिल्याच सेकंदाला घाबरून पुढे बोलतो त्याच्या वाट्याला ती शांतता येतच नाही. फोनवर किंवा मोबाइलच्या मिटिंगमध्ये मात्र हे सगळं आखडतं घ्यावं. तिथे दोन सेकंद गप्प राहिलात की समोरचा 'हॅलो, हॅलो' सुरू करतो.

सभेच्या दिवशी आपांचा नंबर हिशेबाच्या वाचनानंतर आला, म्हणजे लोक आधीच कंटाळलेले. त्या माइकपाशी गेल्या, सलाम केला, सलामाचा जवाब पुरता येईपर्यंत थांबल्या. पहिली खूण इथेच कळली की तालीम कामी येणार. सुरुवात जरा घाईत गेली. 'अकरा' ठीक पडला. 'चार' त्यांनी खाली टेकवला. मग विचारलं, "मग बाकीच्या सात कुठे आहेत?" आणि थांबल्या.

एक सेकंद. दोन. आणि तिसऱ्या रांगेतून एक बुजुर्ग मोठ्याने म्हणाले, "घरात! आणिक कुठे असतील?"

हॉल हसला. आम्ही बाहेरच्या ओट्याकडे तोंड करून बसलो होतो, आमचाच श्वास अडकला. आपांनी हसणं ओसरू दिलं. पूर्ण संपू दिलं नाही, ओसरू दिलं. पूर्ण संपलं असतं तर लोक एकमेकांत बोलायला लागले असते. मग त्या बुजुर्गांकडेच बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "हो चाचा. घरातच आहेत." आणि पुन्हा थांबल्या. ही रेघ कागदावर नव्हती. त्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. त्या सातांतल्या एकीचे वडील समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मग कॉलेजची वेळ, मग एसटीची वेळ, आणि 'पावणेपाचला' नंतर हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते.

मागणी अशी होती: गाडीचं भाडं महिन्याला १२,००० रुपये. सात घरं प्रत्येकी १,००० देतील, उरलेले ५,००० जमातीने द्यावेत. इथे आपा एक रेघ चुकल्या. 'पाच हजार' म्हणून थांबायचं होतं, त्याऐवजी घाबरून लगेच 'म्हणजे तुम्हाला जमेल तसं' असं जोडून बसल्या. ते शब्द कागदावर नव्हते. पैसे मागताना थांबणं सगळ्यात अवघड जातं, आपण मागितलेल्याची आपल्यालाच लाज वाटते आणि आपणच ते कमी करून टाकतो. सेक्रेटरींनी तेच पकडलं: जमेल तसं म्हणजे किती? त्यावर दहा मिनिटं गेली. शेवटी ठरलं की सध्या तीन महिने ३,००० द्यायचे, परीक्षेनंतर पुन्हा बघू. उरलेले दोन हजार कुठून आणायचे ते आपांच्या गळ्यात पडलं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. 'घरात!' म्हणणारे ते बुजुर्ग चपला शोधता शोधता शेजारच्याला सांगत होते, "सुटतं पाचला, आणि गाडी जाते पावणेपाचला. आता काय करायचं पोरींनी?" शब्द जवळजवळ आपांचेच होते, आणि थांबायची जागाही.

संध्याकाळी आपा आल्या तेव्हा आम्ही त्यांना ते सांगितलं. त्या खूश झाल्या, पण बोलल्या वेगळंच. मोबाइलमध्ये सभेचं बोलणं भरून घेतलं होतं, ते त्यांनी पुढे सरकवत 'पाच हजार'पाशी आणून लावलं. "ऐका," म्हणाल्या, "इथे एक सुभानअल्लाह जरी झालं असतं..." आणि पर्समधून कागद काढून त्या जागी पेनाने तीन ठळक रेघा मारल्या. तीन महिन्यांनी पुन्हा सभा आहे.